फॅक्स अर्ध्यावर का तुटतो?

अमेरिकेतली बरीच इस्पितळं रुग्णांचे कागद आजही फॅक्सने घेतात आणि देतात. समजा, न्यू जर्सीला मुलीकडे गेलेले वडील तिथे आजारी पडले, बरे होऊन पुण्याला परतले आणि आता इथल्या डॉक्टरांना तिथले रिपोर्ट बघायचे आहेत. तिकडून निरोप येतो: दोन पानी संमतीपत्र सही करून या नंबरवर फॅक्स करा. घरात प्रिंटर, स्कॅनर आणि कॉपियर एकत्र असलेलं यंत्र आहे, त्यावर Fax असं बटणही आहे. ते आजवर कुणी दाबलेलं नाही, इतकंच.

आधी यंत्राची मागची बाजू बघावी. फॅक्सची खरी सोय असलेल्या यंत्राला तिथे टेलिफोनची एक किंवा दोन खाचं असतात. LINE लिहिलेल्या खाचेत फोनची लाइन येते; EXT लिहिलेल्या खाचेला घरातला फोन जोडायचा. घरी फायबरचं कनेक्शन असेल, तर लाइन भिंतीतून नव्हे, इंटरनेटच्या डब्यावरच्या PHONE किंवा TEL या खाचेतून घ्यावी लागते. शेजारची LAN ची खाच दिसायला थोडी मोठी असते आणि फोनची पिन तिच्यातही शिरते, त्यामुळे घोटाळा होतो. एचपीच्या बऱ्याच यंत्रांत फॅक्सची स्वतःची चाचणी असते. वायर चुकीच्या खाचेत आहे की डायल टोनच येत नाही, हे ती कागदावर छापून सांगते. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नये.

जोडणी झाली की कागद ठेवायचे. इथली एक चूक फार महागात पडते. काचेवर कागद पालथा ठेवायचा असतो, पण वरच्या फीडरमध्ये बऱ्याच यंत्रांत छापील बाजू वर ठेवावी लागते. उलटं झालं तर समोर दोन कोरी पानं पोचतात आणि आपल्याकडच्या रिपोर्टवर मात्र OK असंच छापून येतं. यंत्राला कोरं पान आणि भरलेलं पान सारखंच. म्हणून सेटिंगमध्ये रिपोर्टवर पहिल्या पानाची छोटी प्रतिमा छापण्याची सोय असेल, तर ती चालू ठेवावी.

मग 001, अमेरिकेतला एरिया कोड आणि नंबर. लाइनवर आयएसडीची सुविधा चालू हवी, हे वेगळं सांगायला नको. डायल झाल्यावर यंत्राचा स्पीकर चालू ठेवून नीट ऐकावं, कारण फॅक्स म्हणजे दोन यंत्रांनी फोनवर केलेलं बोलणंच असतं. आपलं यंत्र अर्धा सेकंद ‘पीं’ करतं, तीन सेकंद थांबतं, पुन्हा ‘पीं’ करतं: मी फॅक्स आहे. समोरचं यंत्र उचलतं आणि तीनेक सेकंदांचा एक उंच, लांब सूर सोडतं. नंतर खरखर ऐकू येते. त्या खरखरीत ती दोघं आपसांत ठरवतात की कुठल्या वेगाने बोलायचं. एक यंत्र थोडा नमुना पाठवतं, दुसऱ्याला तो नीट ऐकू आला नाही तर वेग एक पायरी खाली येतो. हे जमलं की पहिलं पान सुरू होतं.

पान कसं जातं, तेही बघू. आडव्या एका ओळीत 1728 ठिपके, आणि साध्या दर्जाच्या ए-फोर पानात अशा साधारण 1145 ओळी. म्हणजे जवळपास वीस लाख ठिपके, प्रत्येक काळा नाहीतर पांढरा. सेकंदाला 14,400 या वेगाने ते एकेक करून पाठवले तर सव्वादोन मिनिटं लागतील. प्रत्यक्षात यंत्र प्रत्येक ठिपका पाठवत नाही. ‘इतके पांढरे, मग इतके काळे’ एवढंच कळवतं. त्यामुळे टाइप केलेलं पान बहुधा मिनिटाच्या आत जातं. फोटो किंवा रंगीत पार्श्वभूमीचा कागद असला की सगळं पान बारीक ठिपक्यांनी भरतं, ही युक्ती चालत नाही आणि तेच पान रेंगाळतं. पासपोर्टची प्रत जोडायची असेल, तर आधी फिकट काळी-पांढरी झेरॉक्स काढून तीच पाठवलेली बरी.

आता खरी अडचण. पहिलं पान जातं, दुसऱ्याच्या मध्यावर संबंध तुटतो आणि रिपोर्टवर Communication Error येतं. दोष बहुधा यंत्राचा नसतो, लाइनचा असतो. तांब्याच्या तारेवरून आवाज सलग जायचा. फायबरच्या फोनमध्ये त्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे पडतात आणि ते इंटरनेटच्या पद्धतीने रवाना होतात. आपण बोलत असताना एखादा तुकडा हरवला तर कानाला कळतही नाही. फॅक्सच्या सुरांत तेवढ्याने शेकडो ठिपके गळतात. त्यात कंपनी आवाज आकसून पाठवत असेल, तर तो आकसतो माणसाच्या बोलण्याच्या हिशेबाने. यंत्राच्या सुरांची त्यात पार वाट लागते.

यावरचा उपाय म्हणजे हळू बोलणं. फॅक्सच्या सेटिंगमध्ये Fax Speed शोधावं. ते Fast म्हणजे 33,600 वर असेल, तर Slow म्हणजे 9,600 वर आणावं. ब्रदरच्या यंत्रांत यासाठी Basic(for VoIP) असा पर्याय असतो. तो वेग उतरवतो आणि ECM ही चूक-दुरुस्तीही बंद करतो. चांगल्या लाइनवर ECM हवीच, कारण बिघडलेला भाग ती पुन्हा मागवते. पण खराब लाइनवर तेच तेच मागवत बसते आणि शेवटी फॅक्स तुटतो. ती बंद केली की फॅक्स पोचतो, एखादी ओळ मात्र फाटलेली येते. सहीच्या फॉर्मला ते चालेल. औषधाच्या मात्रेचा कागद असेल, तर मी ECM बंद करणार नाही. वेग उतरवून आणि एकेक पान वेगळं पाठवून बघेन. मध्येच येणाऱ्या कॉल वेटिंगच्या ‘टुक’नेही फॅक्स तुटतो, म्हणून ती सेवा बंद ठेवावी.

फॅक्स घेताना प्रश्न वेगळा असतो: फोन वाजला तर उचलायचा कुणी, माणसाने की यंत्राने? घरात एकच लाइन असेल तर Auto Answer चालू ठेवून Rings to Answer पाचवर ठेवावं. पाच घंट्यांच्या आत कुणी उचललं तर बोलणं होतं, नाहीतर यंत्र उचलतं. आपण उचलला आणि थांबून थांबून ‘पीं’ ऐकू आलं, तर फोन आपटू नये. EXT ला जोडलेल्या फोनवरून एचपीच्या अनेक यंत्रांत 1 2 3, तर ब्रदरमध्ये *51 दाबलं की यंत्र फॅक्स ताब्यात घेतं. कागद संपला असेल तर पानं मेमरीत थांबतात, पण वीज गेली की काही यंत्रांत ती पुसली जातात.

वेग उतरवला, ECM बंद केली, तरीही फॅक्स तुटत असेल, तर फोन कंपनीला एकच प्रश्न विचारा: तुमच्या लाइनवर टी-38 चालतं का? इंटरनेटवरून फॅक्स नेण्यासाठी आखलेली ती पद्धत आहे. उत्तर ‘नाही’ आलं, तर यंत्राशी झटापट करत बसू नका. तो कागद ऑनलाइन फॅक्स सेवेने पाठवा. आणि घरात फक्त मोबाइलच असेल, तर नवा प्रिंटर घेताना फॅक्ससाठी जास्तीचे पैसे मोजू नका.