जुना ब्लूटूथ स्पीकर विकताना काय लिहावे

वापरलेल्या ब्लूटूथ स्पीकरच्या जाहिरातीत ‘बॅटरी मस्त, कंडिशन नव्यासारखी’ या दोन दाव्यांपैकी पहिला घेणाऱ्याला हातात घेऊन तपासता येत नाही. ओरखडे दिसतात, आवाज दोन मिनिटांत ऐकून होतो. बॅटरी किती तास टिकते हे मात्र घरी नेल्यावरच कळते. त्यामुळे प्रामाणिक जाहिरातीचे खरे काम बॅटरीपासून सुरू होते.

उदाहरणादाखल जेबीएलचा फ्लिप ५ घेऊ. त्यात ४८०० एमएएचची लिथियम-आयन बॅटरी असते आणि कंपनी १२ तासांपर्यंत वाजण्याचा दावा करते. हा आकडा नव्या बॅटरीचा आणि बेताच्या आवाजाचा असतो. आवाज पूर्ण ठेवला तर नवा स्पीकरही त्याच्या बराच आधी बंद पडतो. म्हणून ‘आठ तास चालतो’ या वाक्याला आवाजाची पातळी जोडल्याशिवाय अर्थ नाही. फोनवर स्पीकरच्या नावाशेजारी दिसणारा टक्काही इथे उपयोगाचा नाही. त्या क्षणी किती चार्ज शिल्लक आहे याचा तो अंदाज असतो. मूळ क्षमतेपैकी किती उरली हे त्यावरून कळत नाही.

उरतो तो वाजवून पाहण्याचा मार्ग. स्पीकर पूर्ण चार्ज करून चार्जरवरून काढावा, आवाज अर्ध्यावर ठेवावा आणि बंद पडेपर्यंत घड्याळ लावून वाजवावा. काही फोनांत फोनचा आणि स्पीकरचा आवाज एकत्र वरखाली होतो, काहींत वेगवेगळा. तेव्हा दोन्हीकडे पाहून घ्यावे. गाण्यांची यादी पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी लावावी, कारण गाणी संपली की असे स्पीकर थोड्या वेळाने आपोआप बंद होतात आणि दोष उगाच बॅटरीवर येतो.

त्यानंतर पुन्हा चार्ज करून थोडा वेळ मोठ्या आवाजावरही वाजवावा. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. बासच्या ठोक्याला एकदम जास्त वीज लागली की तिचा दाब खाली येतो आणि चार्ज शिल्लक असूनही स्पीकर मध्येच बंद पडतो. हळू आवाजावर शहाण्यासारखा वागणारा स्पीकर इथे उघडा पडतो. चार्जर लावूनच चालत असेल, तर तसे स्पष्ट लिहून किंमत उतरवावी. कवच फुगलेले किंवा सांध्यात उचललेले दिसले, तर बॅटरी फुगल्याची शक्यता धरावी. असा नग चार्ज करू नये आणि विकूही नये.

अवस्थेबद्दल लिहिताना फ्लिपच्या दोन्ही टोकांकडे विशेष लक्ष द्यावे. तिथल्या गोल चकत्या शोभेच्या नाहीत. बास त्यांच्या हलण्यातून येतो. स्पीकर टोकावर आपटला की त्या चिरतात किंवा फरफरू लागतात. दोन्ही टोकांचे उजेडात जवळून फोटो द्यावेत. पाण्याबद्दल जास्त जपून लिहावे. आयपीएक्स७ म्हणजे नवा नग १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकतो. आपटलेल्या, जुन्या झालेल्या नगाचे रबर तसेच राहिले असेल याची हमी विकणाऱ्याला देता येत नाही.

या सगळ्यातून तयार होणारी जाहिरात साधारण अशी असेल:

‘जेबीएल फ्लिप ५, निळा. खरेदी २०२१, बिल आहे, वॉरंटी संपली. पूर्ण चार्जवर अर्ध्या आवाजात ७ तास ४० मिनिटे चालला. पूर्ण आवाजात वाजवला, मध्येच बंद पडला नाही. एका टोकाच्या कडेला आपटल्याची खूण (फोटो ३), चकती शाबूत, आवाजात फरफर नाही. पॉवरचे बटण जरा जोरात दाबावे लागते. पावसात वापरलेला आहे. आता पाण्यात टिकेल अशी हमी नाही. सोबत टाइप-सी केबल, ती मूळची नाही. चार्जर आणि खोके नाही. ऑक्सची जागा या मॉडेलला मुळातच नाही. घरी येऊन वाजवून पाहावा.’

यात ‘बॅटरी ६५ टक्के’ असे कुठेही म्हटलेले नाही. पावणेआठ तासांना बाराने भागून असा टक्का काढणे सोपे आहे, पण कंपनीची चाचणी आणि घरची चाचणी एकाच आवाजात झालेली नसते. तास आणि आवाजाची पातळी एवढेच सांगितले की पुरते.

सोबतच्या वस्तूंत घोळ बहुधा चार्जरवरून होतो. फ्लिप ५ च्या खोक्यात मुळात केबलच येते, भिंतीत लावायचा चार्जर येत नाही. तो देत असल्यास दुसरा कुठला आहे ते लिहावे. देत नसल्यास ‘मूळ सर्व सामान’ असे मोघम न लिहिता वस्तूंची नावे द्यावीत. फोटोत दिसणारा पाऊच देणार नसाल, तर तो आधी फोटोतूनच बाजूला ठेवावा.