उपांत्य फेरीनंतरचे पत्र

मूट कोर्ट स्पर्धेची उपांत्य फेरी दोन-तीन गुणांनी हुकल्यावर प्रशिक्षक संघाला पत्र लिहितो. सुधारणा नेमकी कुठे झाली हे पत्रात दाखवता आले का, यावर त्याचा कस लागतो. ‘छान लढलात’ एवढे सांगायला पत्राची गरज नसते.

गुणपत्रिका हा त्यासाठी कच्चा आधार आहे. प्रत्येक फेरीत बेंच बदलते. प्राथमिक फेरीत सढळ हाताने गुण मिळतात, तर पुढच्या फेरीतले न्यायाधीश तेवढ्याच युक्तिवादाला हात आखडता घेतात. त्यामुळे गुण घटले म्हणजे स्पीकर घसरला, असे होत नाही. तुलना करायची ती उत्तरांची, आणि म्हणूनच जाणता प्रशिक्षक सरावापासून कोणता प्रश्न आला व काय उत्तर दिले गेले, हे वहीत टिपून ठेवतो.

समजा, प्रपोझिशन इंटरनेटबंदीचे आहे आणि याचिकाकर्त्याच्या संघाची सारी भिस्त २०२० च्या अनुराधा भसीन निकालावर आहे. बेंच विचारते, ‘त्या निकालात न्यायालयाने इंटरनेट लगेच सुरू करण्याचा आदेश दिला होता का?’ सरावात पहिला स्पीकर ‘त्या मुद्द्याकडे नंतर येतो, माय लॉर्ड’ म्हणून पाठ केलेला मजकूर पुढे रेटत असे. उपांत्य फेरीत त्याचे उत्तर असे होते: ‘नाही, माय लॉर्ड. पण बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या प्रकरणात आदेश प्रसिद्धच झालेला नाही.’ आधी सरळ उत्तर, मग अडचणीची कबुली, आणि तिथून थेट प्रपोझिशनमधल्या वस्तुस्थितीकडे. पत्रात हा संवाद जसाच्या तसा उतरवावा. ‘तुझा आत्मविश्वास वाढला’ या वाक्यातून स्पीकरला काहीच हाती लागत नाही. हा संवाद वाचला की पुढच्या वेळी काय करायचे ते कळते.

रिसर्चरचे काम बेंचला दिसत नाही, म्हणून पत्रात ते आवर्जून यावे. नियमानुसार चिठ्ठी देता येत असेल, तर आधी ती निकालाचे नाव लिहून येत होती आणि आता परिच्छेद क्रमांकासह येते, हा फरक मोठा आहे. स्पीकरला पाने चाळावी लागत नाहीत.

पराभवाचे कारणही लिहावे, पण थोडक्यात आणि बेंचवर खापर न फोडता. रिबटलच्या दोन मिनिटांत तीन मुद्दे घेतले आणि तिसरा अर्धवट राहिला, एवढे पुरे. मेमोरियलचे गुण या फेरीत धरले गेले असतील, तर ते वेगळे काढून दाखवावेत. मेमोरियल स्पर्धेच्या आधीच जमा झालेले असते. त्यातली तूट तोंडी युक्तिवादाच्या माथी मारली, तर स्पीकर नेमकी सुधारलेली गोष्टच बदलू पाहतात.