दहा खोल्या, 28 रात्री

तारकर्लीला दहा खोल्यांचं छोटं हॉटेल नुकतंच घेतलंय, असं समजू. शनिवारी रात्री गाड्या लावायला जागा नसते, मंगळवारी व्हरांड्यात कुत्रं झोपलेलं असतं. धंदा कसा चाललाय असं कुणी विचारलं, तर मालक शेवटचा जो वार आठवेल त्यावरून उत्तर देतो. म्हणून हॉटेलवाले दोन आकडे सांभाळतात. एक ऑक्युपन्सी, म्हणजे शंभरातल्या किती खोल्या भरल्या. दुसरा एडीआर, म्हणजे विकल्या गेलेल्या खोलीला सरासरी किती दर मिळाला.

हिशेबाचं माप आहे ‘रूम नाइट’, एक खोली एक रात्र. फेब्रुवारीच्या 28 रात्री आणि दहा खोल्या म्हणजे विकायला 280 रूम नाइट. रजिस्टरवरून मोजल्यावर 140 विकल्या गेलेल्या निघाल्या, तर ऑक्युपन्सी 50 टक्के. त्या 140 रात्रींचं खोलीभाडं 3,36,000 रुपये आलं असेल, तर भागिले 140, एडीआर 2,400 रुपये. गणित चौथीतल्या मुलाला जमेल असं आहे. गडबड होते ती भागाकाराच्या वर आणि खाली काय घालायचं यात.

वर फक्त खोलीचं भाडं. पाहुण्याने खाल्लेली सुरमई थाळी त्यात येत नाही, स्कूबावाल्याकडून मिळालेलं कमिशनही नाही. नाश्त्यासह 2,800 चं पॅकेज विकलं असेल, तर नाश्त्याचे पैसे आधी बाजूला काढायचे. जीएसटीही बाहेर, कारण तो आपला नाहीच, सरकारसाठी आपण गोळा करतो. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो 5 टक्के आहे. त्यामुळे 3,000 च्या खोलीचे पाहुण्याने 3,150 दिले, तरी हिशेबात 3,000च. ऑनलाइन बुकिंगमध्ये आणखी एक पेच असतो. त्याच 3,000 वर कंपनीने 18 टक्के कमिशन कापलं, तर हातात 2,460 येतात. एडीआर पूर्ण दरावर काढा किंवा हातात आलेल्या रकमेवर, पण पद्धत एकच ठेवा. एका महिन्यात असं आणि दुसऱ्यात तसं केलं, तर भाव न बदलताच एडीआर खाली-वर नाचेल. मी सांगेन, रजिस्टरमध्ये दोन्ही रकमांचे रकाने आखा.

खालची बाजू जास्त फसवते. मेव्हणे सहकुटुंब आले, दोन रात्री फुकट राहिले. त्या रात्री ‘विकलेल्या’ धरल्या, तर एडीआर उगाच पडतो, म्हणून त्या वेगळ्या लिहायच्या. सहा नंबरचा एसी गळतो म्हणून ती खोली महिनाभर बंद आहे. ‘मग विकायला नऊच खोल्या होत्या’ असं म्हणून टक्केवारी काढण्याचा मोह होतो. मी ती खोली मोजणीत ठेवतो. नाहीतर ऑक्युपन्सी चांगली दिसते आणि एसीवाल्याला फोन करायची घाई कुणालाच वाटत नाही.

आता हेच 50 टक्के आणि 2,400 जरा उकलून पाहू. या फेब्रुवारीत शुक्रवार-शनिवारच्या मिळून 8 रात्री, म्हणजे 80 रूम नाइट. त्यातल्या 72 गेल्या, दर 3,000, जमा 2,16,000. उरलेल्या 20 रात्रींच्या 200 रूम नाइटपैकी 68 गेल्या, जमा 1,20,000, सरासरी साधारण 1,765. वीकएंडला हॉटेल 90 टक्के भरलं आणि आडवारी 34 टक्के. या दोन टक्क्यांची बेरीज करून दोनाने भागणारे मालक असतात. उत्तर येतं 62, आणि खरं आहे 50. आडवारच्या रात्री अडीचपट आहेत, हे त्या भागाकाराला ठाऊकच नसतं. म्हणून सरासरीची सरासरी काढायची नाही. एकूण विकलेल्या रात्री भागिले एकूण उपलब्ध रात्री, दर वेळी मुळापासून.

निम्मं हॉटेल रिकामं दिसल्यावर नव्या मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो भाव पाडण्याचा. समजा सरासरी 2,400 वरून 2,000 वर आणली आणि ऑक्युपन्सी 60 टक्क्यांवर गेली. विकलेल्या रात्री 168, जमा 3,36,000. म्हणजे पूर्वीइतकीच! पण 28 रात्री जास्त चादरी धुतल्या, एसी चालला, साबण-पाणी-सफाई झाली. दर खेपेला त्याला 450 रुपये लागत असतील, तर 12,600 रुपये गेले. पार्किंग जास्त भरलेलं दिसतं, माणसं जास्त दमतात आणि मालकाला कमी उरतं.

म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून तिसरा आकडा पाहतात. त्याला रेव्हपार म्हणतात, म्हणजे भरलेली-रिकामी धरून प्रत्येक खोलीमागे रोज काय आलं. 2,400 चे 50 टक्के 1,200, आणि 2,000 चे 60 टक्केही 1,200. वीकएंडचा रेव्हपार निघतो 2,700 आणि आडवारचा 600. रोग कुठे आहे ते इथे दिसतं, आणि औषधही दोन ठिकाणी वेगवेगळं लागतं.

वीकएंडचा दर 3,000 वरून 3,400 केला आणि 72 ऐवजी 66 च रात्री गेल्या, तरी जमा 2,24,400 होते. सहा खोल्या कमी झाडून 8,400 रुपये जास्त. आडवारी मात्र उलट चाल. कंपनीच्या कामाने फिरणारे प्रतिनिधी किंवा स्कूबा शिकायला आलेला गट यांना सोमवार ते गुरुवार 1,400 ने खोली दिली आणि अशा 20 जास्तीच्या रात्री गेल्या, तर 28,000 येतात. खर्चाचे 9,000 वजा जाता 19,000 उरतात. जुन्या वीकएंड-दरावरच हे केलं, तर जमा 3,64,000 आणि विकलेल्या रात्री 160. एडीआर 2,400 वरून 2,275 वर घसरतो, आणि तरीही घसरण चांगली आहे, कारण रेव्हपार 1,300 झाला. नुसता एडीआर पाहणारा मालक इथे घाबरून चांगला सौदा मोडेल. अट एकच: ही सवलत आडवारच्याच पाहुण्याला मिळावी. शनिवारी 3,000 देणाऱ्याने ‘गेल्या आठवड्यात मित्राला 1,400 ला दिलीत की’ असं काउंटरवर सुनावलं, की सगळं गणित फिसकटलं. म्हणून असा भाव ऑनलाइन न टाकता फोनवर आणि किमान दोन रात्रींसाठी द्यावा.

आकड्यांची तुलना मागच्या महिन्याशी करू नका. मे महिन्यात किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद. जूनची ऑक्युपन्सी पडली यात मालकाचा दोष नाही. जून ताडून पाहायचा तो गेल्या जूनशीच, आणि तोही शनिवार किती आले ते मोजून, कारण चार शनिवारांचा महिना आणि पाच शनिवारांचा महिना यांत दहा खोल्यांच्या हॉटेलात बराच फरक पडतो.

आणखी एक तारीख रजिस्टरमध्ये लिहायला लागा: बुकिंग कधी झालं. शनिवारच्या दहाही खोल्या तीन आठवडे आधीच संपत असतील, तर तुमचा शनिवारचा भाव कमी आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत निम्म्या पडून राहत असतील, तर जास्त आहे.