फ्रेंचमधला बिनकामाचा 'न'

पॅरिसमध्ये कुणाला पत्ता विचारला आणि त्याला तो ठाऊक नसला, तर तो खांदे उडवून 'शे पा' म्हणेल. 'माहीत नाही.' हीच गोष्ट त्याला एखाद्या कचेरीला पाठवायच्या पत्रात लिहायची झाली, तर मात्र पूर्ण वाक्य लागतं: 'ज न से पा'. 'ज' म्हणजे मी, 'से' म्हणजे जाणतो. नकार दोन तुकड्यांत येतो, क्रियापदाच्या अलीकडे 'न' आणि पलीकडे 'पा'. बोलताना यातला 'न' बिनदिक्कत गळतो. औपचारिक लिखाणात तो गळला, तर वाचणारा लिहिणाऱ्याचं शिक्षण मोजायला लागतो.

गंमत म्हणजे मूळचा नकार याच 'न'चा. लॅटिनमधला 'नोन' झिजून जुन्या फ्रेंचमध्ये तो 'न' झाला आणि एकट्याने काम करू लागला. 'पा' म्हणजे पाऊल. आपण 'तसूभर हलला नाही', 'कणभर खाल्लं नाही' असं म्हणतो, तसं तिथे 'पाऊलभर चालत नाही', 'थेंबभर पीत नाही' असं जोर देऊन बोलत. त्यातला 'पा' इतका चालला की कुठल्याही क्रियापदामागे येऊ लागला. त्यातलं पाऊल गेलं, जोर गेला, आणि नकाराचा भार मात्र त्याच्यावर आला. ओटो येस्परसन या डॅनिश भाषापंडिताने 1917 साली नकारावरच्या आपल्या पुस्तकात हा प्रवास मांडला, म्हणून भाषाशास्त्रात त्याला येस्परसनचं चक्र म्हणतात. 'पा' आला की अर्थ कळतोच, मग बोलणारा 'न' उच्चारायचे कष्ट कशाला घेईल? 1980च्या दशकात फ्रान्समधल्या वंशद्वेषविरोधी चळवळीने हाताच्या पंजाच्या बिल्ल्यावर घोषणा छापली, 'तुश पा आ मों पॉत', माझ्या दोस्ताला हात लावू नकोस. व्याकरणाप्रमाणे तिच्या सुरुवातीला 'न' हवा. पण तो घातला असता, तर घोषणेचं सूचनाफलकावरचं वाक्य झालं असतं.

घोषणेत 'न' जाणूनबुजून सोडलेला असतो. लिखाणातला खरा घोटाळा नकळत होतो, आणि त्याचं मूळ कानात आहे. फ्रेंचमध्ये 'ओं' हे सर्वनाम 'आपण' किंवा 'आम्ही' या अर्थाने सतत लागतं. त्याच्या शेवटी 'एन' हे अक्षर आहे. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की ते त्याला चिकटून ऐकू येतं. त्यामुळे 'आमच्याकडे वेळ नाही' हे वाक्य नकाराचा 'न' घालून लिहा किंवा न घालता लिहा, उच्चार एकच: 'ओं ना पा ल ताँ'. कानाला 'न' ऐकू आलेला असतो, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं की तो कागदावरही आहे. प्रत्यक्षात 'ओं'नंतर आणखी एक 'एन' आणि त्यावर लोपचिन्ह हवं असतं, तेच राहून जातं. चांगले शिकलेले फ्रेंच लोकही इथे चुकतात. यावर तोडगा सोपा आहे: 'ओं' काढून तिथे 'इल', म्हणजे 'तो', ठेवून पाहायचं. 'इल ना पा' म्हटलं की 'न' वेगळा ऐकू येतो. तो तिथे लागत असेल, तर 'ओं'पुढेही लिहायलाच हवा.

'न' गाळल्याने कधी नुसती शोभा जाते, कधी अर्थच पालटतो. 'प्ल्यु' या शब्दाचा अर्थ 'अधिक' असाही होतो आणि नकारात 'आता उरलं नाही' असाही. बोलताना अर्थ सांभाळला जातो, कारण 'अधिक'च्या अर्थी बहुतेकदा शेवटचा 'स' उच्चारून 'प्ल्युस' म्हणतात. कागदावर दोन्ही शब्द अक्षर न् अक्षर सारखे. 'इल या प्ल्यु द पँ' असं 'न' गाळून लिहिलं, तर पाव संपलाय की जास्त झालाय हे वाचणाऱ्याने ओळखायचं. 'न' असला की शंका उरत नाही: पाव संपला.

'न'पुढे 'पा'ऐवजी 'क' आला, तर ते वाक्य नकाराचं राहतच नाही. 'न… क' म्हणजे फक्त. आपल्या 'तो चहाशिवाय काही पीत नाही' या वाक्यात चहा प्यायला जातोच, तसंच हे. फ्रेंच व्याकरणही त्याला नकार मानत नाही, याचा पुरावा वाक्यातच सापडतो. 'मी वाइन पीत नाही' हे 'ज न ब्वा पा द व्हँ'. इथे वाइनच्या आधीचं 'द्यु' हे उपपद नकारामुळे आक्रसून 'द' झालंय. 'मी फक्त वाइन पितो' हे 'ज न ब्वा क द्यु व्हँ'. इथे 'द्यु' शाबूत आहे, कारण वाइन प्यायली जातेय. शिकणारे हमखास इथे 'द' लिहितात.

'क' कुठे ठेवायचा यावरही लक्ष हवं. ज्याला 'फक्त' लावायचं, त्याच्या अगदी अलीकडे तो बसतो. 'इल न पार्ल क फ्राँसे आ सा मेर' म्हणजे आईशी तो फ्रेंचच बोलतो, दुसरी भाषा नाही. 'क' एक शब्द पुढे सरकवून 'इल न पार्ल फ्राँसे का सा मेर' केलं, तर अर्थ होतो की फ्रेंच तो आईशीच बोलतो, इतर कुणाशी नाही. ('आ'ला जोडून 'क'चा 'का' झाला.) मात्र ही रचना वाक्याच्या कर्त्याला लावता येत नाही. 'फक्त पॉल आला' म्हणायचं तर 'सल', म्हणजे एकटा, हा शब्द घ्यावा लागतो.

आता उरला 'आव्हाँ क', म्हणजे 'च्या आधी'. 'पाऊस येण्याआधी निघा' याच्या नेटक्या फ्रेंच वाक्यात 'आव्हाँ किल न प्लव्ह' असं येतं. 'न' आहे, पण नकार नाही. तो काढला तरी अर्थ तसूभर बदलत नाही, व्याकरणही मोडत नाही. फ्रेंच सरकारने 1901 सालीच परीक्षांपुरता आदेश काढून इथला 'न' गाळायची मुभा दिली होती. तरी पुस्तकांत, अग्रलेखांत तो दिसतोच, कारण त्याने भाषेला इस्त्री केल्यासारखी वाटते. तो आला कसा हे मराठी माणसाला सहज उमजावं. आपणही 'पाऊस आला नाही तोवर निघा' असं म्हणतो. 'आधी' म्हटलं की अजून न घडलेल्या गोष्टीचा विचार मनात असतोच, तो 'न'च्या रूपाने वाक्यात उतरला. पण आपला 'नाही' खरा नकार आहे, तिथला 'न' नाही. म्हणून त्यामागे 'पा' जोडायचा नाही, आणि वाचताना 'पाऊस न येण्याआधी' असा उलटा अर्थही लावायचा नाही.

भीतीच्या क्रियापदांमागेही हाच 'न' येतो, आणि तिथे 'पा'कडे डोळेझाक महागात पडते. 'ज क्रँ किल न व्हिएन' म्हणजे तो येईल अशी मला धास्ती वाटते. शेवटी 'पा' जोडला की धास्ती उलटते: तो येणार नाही, याची.

'साँ क', म्हणजे 'न होता', याच्यामागे मात्र हा 'न' नको असं फ्रेंच अकादमीचं मत आहे, कारण 'साँ'मध्ये नकार आधीच आहे. तरी अनेक जण तिथे 'न' लिहितात. 'आव्हाँ क'मागे तो भारदस्त दिसतो, मग इथेही दिसेल असा त्यांचा हिशेब असावा.