एकच शब्द, दोन दुखणी

विदर्भातल्या बाजारात भाजीवाल्याकडे सांबार मागितला की तो कोथिंबिरीची जुडी पुढे करतो. पुण्याहून नागपूरला सून म्हणून आलेल्या मुलीला सासूबाई म्हणाल्या, "भाजीवर थोडा सांबार टाक," तर ती क्षणभर थांबते आणि विचारते. इडलीबरोबरचा सांबार भाजीवर ओतायचा नसणार, एवढं तिला कळतं. शब्दाचा अर्थ जागेवर बसला नाही की माणूस थांबतो, आणि थांबला की चूक टळते. चूक होते ती न थांबता पुढे गेल्यावर. शब्द ओळखीचा असतो, वाक्यातही नीट बसतो, फक्त त्याचा अर्थ दुसराच निघतो. असे शब्द पोर्तुगीजमध्ये बरेच आहेत, आणि औषधाच्या डबीतल्या माहितीपत्रकात ते आले की प्रकरण गंभीर होतं.

पोर्तुगीज आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळची आहे. बटाटा, पाव, चावी, बादली हे शब्द आपण तिच्याकडूनच घेतले. अननस आणि पपईही तिच्या वाटेनेच आपल्याकडे आले. मात्र ब्राझीलमधल्या फळवाल्याकडे लोक अननसाला 'अबाकाशी' आणि पपईला 'मामांव' म्हणतात. आपल्या तोंडी बसलेली नावं पोर्तुगालमध्ये चालणाऱ्या नावांशी जुळतात. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या पुढे आहे, पोर्तुगालची एक कोटीच्या आसपास. म्हणजे पोर्तुगीज बोलणारी बहुतेक माणसं ज्या देशात राहतात, तिथली रोजची भाषा गोव्यात शिकलेल्या माणसाला बऱ्याचदा अनोळखी वाटते. मी स्वतः गोव्यात एका वयस्कर बाईंकडे पोर्तुगीज शिकले. ती भाषा लिस्बनच्या वळणाची होती, आणि त्याचा परिणाम पुढे माझ्या कामात दिसला.

काही वर्षांपूर्वी एका औषध कंपनीकडून सर्दी-पडशाच्या सिरपचं माहितीपत्रक माझ्याकडे आलं. ते आधी मोझांबिकसाठी भाषांतरित झालेलं होतं. मोझांबिकमध्ये लेखी भाषा साधारणपणे पोर्तुगालच्या वळणाची असते. आता तेच सिरप ब्राझीलला जायचं होतं. निरोप एवढाच होता : "पोर्तुगीज तयार आहे, फक्त एकदा नजर घाला."

पत्रकाची पहिलीच ओळ सांगत होती, की हे औषध 'कोन्स्तिपासांव'च्या त्रासात आराम देतं. पोर्तुगालमध्ये 'कोन्स्तिपासांव' म्हणजे सर्दी-पडसं. नाक गळतंय, शिंका येताहेत, अंग मोडून आलंय, की माणूस म्हणतो मला कोन्स्तिपासांव झालंय. वाक्य अगदी बरोबर होतं. ब्राझीलमध्ये मात्र हाच शब्द बद्धकोष्ठासाठी वापरतात. तिथे सर्दीला 'रेस्फ्रियादू' म्हणतात.

आता हे पत्रक ब्राझीलमधल्या एका आईच्या हातात गेलं असं धरा. तिच्या मुलाचं दोन दिवस पोट साफ झालेलं नाही. घरात बाटली आहे, पत्रकावर तिच्या भाषेत स्पष्ट लिहिलंय की हे कोन्स्तिपासांववर आहे. तिला अडखळायचं काहीच कारण नाही. शब्द तिचा, वाक्य सरळ, अर्थ पूर्ण. ती मुलाला चमचाभर सिरप पाजते. या सिरपमध्ये सर्दी सुकवणारं जे अँटिहिस्टामिन असतं, त्याने तोंड कोरडं पडतं, झोप येते, आणि आतड्यांची हालचाल मंदावून बद्धकोष्ठ होऊ शकतं. म्हणजे ज्या दुखण्यावर ती औषध देते आहे, तेच दुखणं औषधाने वाढेल.

यावर सोपा वाटणारा उपाय आमच्याकडे एका तरुण सहकाऱ्याने केला. संगणकावर 'शोधा आणि बदला' चालवून त्याने सगळीकडचं कोन्स्तिपासांव काढलं आणि तिथे रेस्फ्रियादू घातलं. पहिली ओळ बरोबर झाली. पण पत्रकातली दुष्परिणामांची यादी आधी कुणीतरी ब्राझीलच्या एका मजकुरातून उचललेली होती, आणि तिच्यात कोन्स्तिपासांवचा अर्थ बद्धकोष्ठ असाच होता. त्यामुळे सर्दीचं औषध घेतल्याने सर्दी होऊ शकते, असं पत्रक सांगू लागलं. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला यात काहीच खटकलं नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत आणि बिनचूक लिहिलेले आहेत. ही चूक फक्त अर्थ लावत वाचणाऱ्या माणसालाच दिसते. मजकुरातला एखादा मुद्दा औषधाच्या गुणाशी विसंगत वाटला, की तिथे दोन देशांच्या भाषा एकमेकींत मिसळल्या आहेत असा संशय घ्यावा. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा खरा निघतो.

या एका शब्दापुरती सुटका आहे. 'प्रिझांव द व्हेंत्र', म्हणजे शब्दशः 'पोटाची कैद', हा शब्दप्रयोग बद्धकोष्ठासाठी पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये सारखाच चालतो, आणि शाळा फार न शिकलेल्यालाही कळतो. आम्ही दुष्परिणामांच्या यादीत तो घातला आणि वर सर्दीसाठी रेस्फ्रियादू ठेवलं. कोन्स्तिपासांव पत्रकातून पूर्ण काढून टाकलं. ब्राझीलमध्येही काही जुन्या माणसांच्या तोंडी तो सर्दीच्या अर्थाने ऐकू येतो, म्हणून तर तो मुळीच न वापरणं मला सुरक्षित वाटलं.

प्रत्येक शब्दाला अशी दोन्हीकडे चालणारी जोडी मिळत नाही. पत्रकात पुढे लिहिलं होतं, की बाटली 'फ्रिगोरिफिकू'त ठेवू नये. पोर्तुगालमध्ये हा घरातला फ्रिज. ब्राझीलमध्ये फ्रिजला 'झेलादेरा' म्हणतात, आणि फ्रिगोरिफिकू म्हटलं की मांस कापून थंड साठवणारा कारखाना डोळ्यांसमोर येतो. न्याहारीनंतर औषध घ्या, असं सांगताना पोर्तुगाल 'छोटं जेवण' अशा अर्थाचा शब्द वापरतो आणि ब्राझील 'सकाळची कॉफी'. हे शब्द ब्राझीलच्या वाचकाला परके वाटतील, पण तो थांबून अर्थ लावेल. म्हणून मी त्यांना दुसऱ्या क्रमांकाचे दोष मानते. पहिल्या क्रमांकावर कोन्स्तिपासांवचे भाऊबंद. त्यातला सर्वांत क्रूर शब्द 'कांक्रू'. पोर्तुगालमध्ये तो कर्करोगाचा रोजचा शब्द आहे. ब्राझीलमध्ये कर्करोगाला 'कांसेर' म्हणतात, आणि वैद्यकात कांक्रू म्हणजे गुप्तरोगात होणारा व्रण. आजाराने आधीच खचलेल्या माणसाच्या हातात हा शब्द पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

औषधांची नावंही कधीकधी बदलतात. ज्या वेदनाशामकाला पोर्तुगालमध्ये 'मेतामिझोल' म्हणतात, ते ब्राझीलच्या घराघरांत 'दिपिरोना' या नावाने असतं. पत्रकात 'मेतामिझोलची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना सांगा' असं छापलं, तर दिपिरोनाने अंगावर गांधी उठलेला ब्राझिलियन रुग्ण ते वाक्य वाचून निश्चिंत राहील. तो इशारा त्याच्यासाठीच आहे, हे त्याला कळणारच नाही.

काही वाचक विचारतील, की पोर्तुगीज भाषिक देशांनी भाषा एक करण्यासाठी करार केला होता ना? केला होता, १६ डिसेंबर १९९० रोजी लिस्बनमध्ये. पण तो शुद्धलेखनाचा करार आहे, शब्दांचा नाही. आणि त्यातही एक गंमत झाली. उच्चारात नसलेली अक्षरं गाळायची, असं ठरलं. 'स्वागतकक्ष' या अर्थाच्या शब्दातला 'प' पोर्तुगालमध्ये उच्चारत नाहीत, म्हणून त्यांनी तो गाळला आणि 'रेसेसांव' लिहू लागले. ब्राझीलमध्ये तो उच्चारतात, म्हणून तिथे 'रेसेप्सांव' कायम राहिलं. आधी हा शब्द दोन्ही देशांत सारखा लिहिला जायचा.

शब्द बदलून काम संपत नाही. पोर्तुगालच्या पत्रकात वाचकाला आदराने पण कर्ता न सांगता लिहितात. तिथे तोंडावर 'व्होसे' म्हणणं अनेकांना तुसडं वाटतं. ब्राझीलमध्ये व्होसे हेच रोजचं 'तुम्ही' आहे, त्याच्याशिवाय वाक्य कोरडं वाटतं. शिवाय ब्राझीलची औषध नियंत्रण संस्था 'आन्व्हिझा' हिच्या २००९ च्या नियमाप्रमाणे रुग्णासाठीचं पत्रक वेगळं आणि डॉक्टरांसाठीचं वेगळं असतं, आणि रुग्णाच्या पत्रकातले मथळे प्रश्नांच्या रूपात असतात : हे औषध कशासाठी आहे? ते काम कसं करतं? घ्यायला विसरलो तर काय करू? पोर्तुगालचं पत्रक युरोपीय संघाच्या साच्यात, सहा भागांत चालतं. एकाचं दुसरं करताना परिच्छेद उचलून नव्या प्रश्नांखाली लावावे लागतात.

इथे भाषांतरकाराने एक मर्यादा पाळायची असते. पोर्तुगालच्या पत्रकात पुष्कळदा 'पंचवीस अंशांच्या वर ठेवू नका' असं असतं. ब्राझीलच्या पत्रकांत बहुधा पंधरा ते तीस अंश दिसतात. म्हणून आपण आकडा बदलून टाकायचा नाही. त्या देशाच्या हवामानाप्रमाणे औषध किती टिकतं याच्या चाचण्या झालेल्या असतात, आणि तो आकडा कंपनीनेच लेखी द्यायचा असतो. सिरपच्या त्या पत्रकात मी आकड्याभोवती खूण केली आणि प्रश्न परत पाठवला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर काम अडून राहिलं, आणि ते अडणं योग्यच होतं.

तपासणीसाठी दोन गोष्टी मला खरोखर उपयोगी पडल्या. आन्व्हिझाच्या संकेतस्थळावर औषधांच्या पत्रकांचा संग्रह सर्वांना खुला आहे. त्याच घटकाच्या औषधाची दोन-तीन पत्रकं समोर ठेवली, की तिथला माणूस दुखण्याला कोणत्या नावाने ओळखतो ते कळतं. कोशापेक्षा मी त्यांवर जास्त विसंबते. दुसरी गोष्ट म्हणजे ब्राझीलमध्ये वाढलेल्या, वैद्यकाशी संबंध नसलेल्या माणसाला पत्रक वाचायला देणं. त्याला "बरोबर आहे का?" असं विचारू नये, तो हो म्हणेल. "हे औषध तुम्ही घरात कुणाला आणि कधी द्याल?" असं विचारावं. त्या सिरपचं पहिलं पत्रक मी एका ब्राझिलियन परिचित बाईंना दाखवलं, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "पोट साफ होत नसेल त्याला."

महाराष्ट्रातून आणि गोव्यातून औषधं बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांतल्या लोकांना माझी एक विनंती आहे. कामाच्या मागणीपत्रात नुसतं 'पोर्तुगीज भाषांतर' असं लिहू नका. ब्राझीलसाठी असेल तर `pt-BR` आणि पोर्तुगालसाठी असेल तर `pt-PT` असं लिहा, आणि मोझांबिक किंवा अंगोलासाठी असेल तर त्या देशाचं नाव घाला. जुना मजकूर देत असाल, तर तो कोणत्या देशासाठी केला होता, तेही सोबत कळवा.