अ‍ॅस्पिरिनमधला पाव हायड्रोजन

अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत बेंझीनच्या कड्यावर ४ हायड्रोजन असतात. समजा, एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने स्वतः बनवलेल्या अ‍ॅस्पिरिनचा प्रोटॉन एनएमआर काढला आणि पडद्यावर त्या ४ जणांची बेरीज ४.२७ आली. हा जास्तीचा पाव हायड्रोजन कुणाचा?

पहिला संशय सॅलिसिलिक अ‍ॅसिडवर जातो. अ‍ॅस्पिरिन त्यापासूनच बनतं आणि त्यातलं थोडं शिल्लक राहू शकतं. पण ते असतं तर ६.९ ते ७.० पीपीएमच्या आसपास छोटी शिखरं दिसली असती. तिथे तर रेघ सपाट आहे.

आता सॉल्व्हंटकडे बघायला हवं. नमुना साध्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला, तर सॉल्व्हंटच्या हायड्रोजनपुढे अ‍ॅस्पिरिनचे हायड्रोजन शोधावे लागतील. म्हणून हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवलेलं क्लोरोफॉर्म वापरतात. प्रोटॉनच्या मोजणीत ड्युटेरियम दिसत नाही. शिवाय त्याच्याच संकेतावर यंत्र स्वतःला स्थिर ठेवतं. प्रयोगशाळेत त्याला ‘लॉक’ म्हणतात. डीएमएसओतही अ‍ॅस्पिरिन विरघळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि नमुना परत मिळवताना सहजी उडत नाही. जड पाण्यात तर आम्लाचा हायड्रोजन ड्युटेरियमशी अदलाबदल करून दिसेनासाच होतो.

मात्र बाटलीवर ९९.८ टक्के लिहिलेलं असतं, १०० नव्हे. ०.६ मिलिलिटर सॉल्व्हंटमधल्या उरलेल्या ०.२ टक्क्यात साधारण ०.०१५ मिलिमोल साधं क्लोरोफॉर्म असतं. १० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन म्हणजे ०.०५५ मिलिमोल. भागाकार केला की ०.२७ येतो! क्लोरोफॉर्मचं शिखर ७.२६ वर, बेंझीनवाल्यांच्या मधोमध असतं. सबंध पट्टा एकदम मोजला की तेही बेरजेत शिरतं. नमुना २ मिलिग्रॅमच घेतला असता, तर हाच आगंतुक सव्वा हायड्रोजनाहून मोठा झाला असता.

उपाय सोपा आहे: ७.२६ वगळून दोन्ही बाजूंचे तुकडे वेगळे मोजायचे. पण त्यासाठी शिखरं सुटी दिसायला हवीत, आणि ते काम शिमिंगचं. नमुन्याभोवतीच्या छोट्या गुंडाळ्यांमधला प्रवाह कमीजास्त करून चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं करतात. ट्यूबमध्ये द्रव चार-साडेचार सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा न विरघळलेले कण तरंगत असतील, तर ते जमत नाही. म्हणून द्रावण पिपेटमधल्या कापसाच्या बोळ्यातून गाळून ट्यूबमध्ये भरावं. सगळीच शिखरं एकाच बाजूला पाय पसरून बसली, तर दोष शिमचा. एकटं आम्लाचंच शिखर पसरट असेल, तर तो त्याचा स्वभाव. त्याच्या बेरजेवर फार विसंबू नये.

मिथाइलचं शिखर, २.३५ वरचं, ३.०० धरून पुन्हा मोजल्यावर बेंझीनवाले ४.०१ भरले.