घर, नळ, दळ : मोठेपणी अक्षरओळख करताना

आपल्यापैकी बहुतेकांची पाटीवरची सुरुवात 'ग म भ न'ने झाली. ही चार अक्षरे पहिली का, तर काना काढता आला की त्याला थोडीथोडी जोड देऊन चारही काढता येतात. हा क्रम हाताच्या सोयीचा आहे. मूल लिहायला शिकत असते, तेव्हा तो चांगलाच. पण पंचावन्न वर्षांच्या बाईला लिहिण्याआधी वाचायचे असेल, तर हाच क्रम अडचणीचा ठरतो. हाताला जे सारखे वाटते तेच डोळ्याला गोंधळात टाकते. 'म' आणि 'भ' यांतला फरक नवख्या डोळ्याला दिसतच नाही.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेहासाठी येणाऱ्या एका मावशींनी नातीकडून वाचायला शिकायचे ठरवले. औषधाच्या पाकिटावर 'सकाळ' कुठे आणि 'रात्र' कुठे, एवढे तरी आपले आपल्याला कळावे, ही त्यांची इच्छा. दोन गोळ्या दिसायला सारख्या होत्या आणि घरात दिवसभर कोणी नसे. सकाळची गोळी रात्री गेली, तर उपाशी पोटी साखर उतरायची भीती. त्यांचा क्रम कसा लावला ते सांगतो. घरातल्या किंवा घरकामाला येणाऱ्या कुणाला शिकवायचे असेल, तर तो तसाच वापरता येईल.

पहिली पायरी पुस्तकाची नाही, चष्म्याची आहे. चाळिशीनंतर जवळचे अंधुक होते. ज्यांनी कधी वाचलेलेच नाही, त्यांना ते सुई ओवतानाच काय ते जाणवते. अक्षर न येणाऱ्यांसाठी नेत्रविभागात तीन दांड्यांच्या आकृतीचा तक्ता असतो. आकृती कोणत्या बाजूला उघडी आहे, ते बोटाने दाखवायचे. पन्नाशीत साधारण दीड-दोन नंबरचा जवळचा चष्मा लागतोच. 'डोक्यात शिरत नाही' म्हणून अभ्यास सोडलेल्या कित्येकांना खरे तर नीट दिसतच नव्हते. शिवाय सुरुवातीची अक्षरे इंचभर उंचीची हवीत.

मग सहा अक्षरे, सहाच : घ, र, न, ळ, क, द. एकमेकांशी गोंधळ होऊ नये अशी, आणि कानामात्रा नसतानाही ज्यांचे ओळखीचे शब्द होतात अशी. घर, नळ, दळ, कर, कळ. मावशींना 'दळ' पहिल्या दिवशी लागला, 'कळ' दुसऱ्या. सहा अक्षरे पक्की व्हायला दहा दिवस गेले.

इथे एक अडचण हमखास येते. शिकणारा 'घ' म्हणतो, 'र' म्हणतो, आणि थांबतो. दोन्ही अक्षरे बरोबर, पण शब्द लागत नाही. कारण 'र' सुटा म्हणताना आपण त्यात पूर्ण 'अ' म्हणतो, आणि 'घर' म्हणताना शेवटचा 'अ' गिळतो. नियम समजावत बसू नका. दोन्ही अक्षरे भरभर, एका श्वासात म्हणायला लावा. शब्द तोंडात आधीपासूनच असतो, तो आपोआप सापडतो. मातृभाषेत शिकण्याचा हा मोठा फायदा आहे.

सुटा आवाज वेगळा काढणे हे मुळात अवघडच काम आहे. पोर्तुगालमध्ये केलेल्या आणि 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला ध्वनी काढून टाका म्हटले तर बहुधा जमत नाही. त्याच वस्तीतल्या, मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना मात्र जमते. म्हणजे ही क्षमता वयाबरोबर येत नाही, अक्षरांबरोबर येते. आपल्या लिपीत सुरुवातीला तेवढे बारीक तोडावेही लागत नाही. आपले अक्षर म्हणजे एक उच्चार, आणि उच्चार तोडणे भेंड्या खेळणाऱ्या प्रत्येकाला येते. निरक्षर आजीही शेवटचे अक्षर बरोबर पकडते.

सहा अक्षरे झाली की लगेच काना, बाकीच्या अक्षरांची वाट न पाहता. दार, काळा, नारळ आणि मुख्य म्हणजे 'कान' आणि 'नाक'. हे दोन शब्द परीक्षेचे आहेत. दोन्हींत तीच चिन्हे, फक्त जागा बदललेली. शब्दाचे चित्र पाठ केलेला माणूस इथे चुकतो, वाचणारा चुकत नाही. मावशी तीन दिवस 'नाक'ला 'कान'च म्हणत होत्या. तेवढे दिवस नवीन काही दिले नाही.

त्यानंतर 'स' आला आणि 'सकाळ' आपोआप वाचता आले. पाकिटावरचा पहिला शब्द पाचव्या आठवड्यात.

पुढे दुसरी वेलांटी, मात्रा, काना-मात्रा, मग उकार. 'ग' आला की 'गोळी' होते. पहिली वेलांटी मात्र मागे ठेवावी. 'दिवस' वाचताना डोळ्याला वेलांटी आधी भेटते आणि तोंडात ती 'द'च्या नंतर येते. डावीकडून उजवीकडे वाचायची सवय नुकतीच लागलेली असते, ती इथे मोडते. रफाराचे त्याहून वाईट : 'सर्दी'मधला 'र' ऐकू येतो 'द'च्या आधी आणि बसतो 'दी'च्या डोक्यावर. तो अगदी शेवटी. बाराखडी मोठ्याने पाठ करून घेण्यावर माझा विश्वास नाही. 'कू' दाखवला की माणूस 'क का कि की' अशी पायरी-पायरीने येतो. ते पाठांतर झाले. मधलेच अक्षर दाखवून विचारावे.

'रात्र'मध्ये 'त्र' आहे. जोडाक्षरे पुढची, पण मावशींना शब्द तातडीने हवा होता. म्हणून 'त्र' हे एक वेगळेच अक्षर म्हणून दिले, फोडून नाही. दिसायला जवळची अक्षरे, घ-ध, ब-व, थ-य, एकत्र कधीच देऊ नयेत. एक पक्के होऊ द्यावे, दुसरे तीन-चार आठवड्यांनी आणावे आणि मग शेजारी ठेवून फरकाच्या जागेवर बोट ठेवावे.

लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेंदूचा दृष्टीचा भाग आणि खोलवरची केंद्रे यांच्यातला ताळमेळ वाढलेला दिसला. तिशीतही मेंदू असा बदलतो. पण सहा महिने हा आकडा लक्षात ठेवा. रोज वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्यातून एकदा दोन तास नव्हे.

बहुतेक जण अक्षरे आली की थांबतात आणि वर्षभरात विसरतात. एक शब्द लावायला चार सेकंद लागत असतील, तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. म्हणून अक्षरे संपल्यावर तोच मजकूर पुन्हा पुन्हा, ओळखीचा शब्द नजर पडताच सुटेपर्यंत वाचायचा. एसटीच्या पाट्या आणि दुकानांची नावे यासाठी उत्तम.

पाकिटांची परीक्षा मी स्वतः घेतली. दोन रिकामी पाकिटे, जागा बदलून, दहा वेळा. पहिल्यांदा सात बरोबर आली. तेवढ्यावर गोळ्या हातात देता येत नाहीत, म्हणून रात्रीच्या पाकिटावर नातीने काढलेली चंद्रकोर तशीच ठेवली. महिन्याभराने दहापैकी दहा आली, तरी पुढचे दोन आठवडे चंद्रकोर काढली नाही.